महिनाअखेरचं रीव्हॅल्युएशन: १ तारखेला उलटवायचं की तसंच ठेवायचं?

टाचणी: सप्लायरची डॉलरमधली न भरलेली बिलं आम्ही महिनाअखेरच्या रेटला आणतो आणि फरक बुक करतो, १ तारखेला तीच एंट्री रिव्हर्स होते. नवीन मॅनेजर म्हणतात रिव्हर्स बंद करा, उगाच नफातोटा वरखाली नाचतो. मला पटत नाहीये पण नेमकं उत्तरही देता येत नाहीये. तुमच्याकडे कसं करता?

जुना_जमाखर्च: बंद करायच्या आधी एकच गोष्ट बघा, पेमेंटच्या वेळी तुमचं सिस्टीम कुठल्या रेटशी तुलना करतं. समजा १०,००० डॉलरचं बिल ८० ने बुक झालं, म्हणजे ८,००,०००. महिनाअखेरीला रेट ८२, तर २०,००० तोटा. पुढच्या महिन्यात ८१.५० ने पैसे गेले, ८,१५,०००. खरा तोटा एकूण १५,००० च. आता सिस्टीम जर मूळ ८० शीच तुलना करत असेल तर पेमेंटला ते १५,००० तोटा टाकणार, आणि तुम्ही आधीचे २०,००० उलटवलेच नाहीत तर एकूण ३५,००० तोटा झाला की! आणि बिल कधीच मिटलेलं असताना ते २०,००० ॲडजस्टमेंट खात्यात क्रेडिटला लटकत राहतात ते वेगळंच.

रोखठोक: मुळात हे करायचंच कशाला? पैसे द्यायच्या दिवशी काय तो फरक कळतोच. आज तोटा दाखवा, उद्या रेट उतरला की फायदा दाखवा, नुसती कागदी घोडी. आम्ही फक्त वर्षअखेरीला करतो, काही अडलं नाही.

जुना_जमाखर्च: @रोखठोक, महिन्याचे आकडे कोणी बघतच नसेल तर चालेल तुमचं. पण ताळेबंद ज्या तारखेचा, त्या तारखेला देणं किती हे सांगावंच लागतं, आणि त्या दिवशी ते ८,२०,०००च होतं. आयएएस २१ मध्येही हेच आहे, पैशात भागवायचं देणं क्लोजिंग रेटला आणि फरक नफातोट्यात.

फरक_फक्त: रिव्हर्सलवाल्यांशी मी असहमत, आम्ही तीन वर्षं रिव्हर्स न करता चालवतोय. आमचं सिस्टीम शेवटचा लावलेला रेट प्रत्येक बिलावर लक्षात ठेवतं, त्यामुळे ८२ वरून ८१.५० ला पेमेंट झालं की फक्त ५,००० फायदा पडतो. २०,००० तोटा वजा ५,००० फायदा, झाले १५,०००. आणि मॅनेजरना सांगा की नाचतंय ते फक्त ओळींमध्ये, कारण रिव्हर्सल केलं तरी त्या महिन्यात २०,००० जमा आणि १५,००० नावे, म्हणजे निव्वळ ५,००० फायदाच, महिन्याचा आकडा दोन्हीकडे सारखाच येतो. महिन्याच्या मध्येच रिपोर्ट काढला तरच वेगळं दिसतं.

जुना_जमाखर्च: हो, तुमच्यासारखं सिस्टीम असेल तर ठीक. पण बिल अर्धवट भरलं की काय होतं ते तपासलंय का? ४,००० डॉलर गेले तर ६,००० वरचाच जुना फरक राहायला हवा.

फरक_फक्त: तिथे एकदा फसलो होतो, खरंय. तेव्हा हाताने दुरुस्त केलं.

गोदामवाली: आमच्याकडे सप्लायरला ५,००० डॉलर ॲडव्हान्स दिलाय, माल अजून यायचाय. त्यालाही सिस्टीमने नवा रेट लावला आणि फायदा दाखवला, तो पण रिव्हर्स करायचा का?

जुना_जमाखर्च: तो मुळात यायलाच नको होता! ॲडव्हान्सच्या बदल्यात माल येणार, पैसे नाही, म्हणून तो दिला त्या दिवसाच्याच रेटला राहतो. परत मिळणार असतील तर मात्र गोष्ट वेगळी. आत्ताची एंट्री काढा आणि ते खातं रनमधून वगळा, नाहीतर दर महिन्याला हेच.

रोखठोक: बघा, एवढा व्याप.

टाचणी: आज ॲडजस्टमेंट खातं उघडून बघितलं. मॅनेजरनी रिव्हर्सल बंद करायला सांगितल्यापासून दोन महिने झाले, आणि त्यात मिटलेल्या बिलांचे आकडे पडून आहेत. एक मिटलेलं बिल काढलं तर सिस्टीमने बुकिंगच्याच रेटने फरक काढलाय, म्हणजे आमचं पहिल्या प्रकारातलं. आणखी एक सापडलं, आम्ही रन ५ तारखेला करतो आणि ३ तारखेला भरलेली बिलं त्यात आलीच नाहीत.

फरक_फक्त: ते तर रिव्हर्सलपेक्षा मोठं. यादी आजची उघडी बिलं म्हणून काढली असणार, ३१ तारखेला उघडी असलेली हवीत. त्या तारखेचा डॉलरमधला येणेबाकी-देणेबाकी रिपोर्ट घ्या, एकूण डॉलर गुणिले क्लोजिंग रेट करा, लेजरशी जुळतंय का बघा.

टाचणी: नाही जुळत. मॅनेजरना दाखवलं, ते म्हणतात यादी सुधारा पण रिव्हर्सल नकोच. सोमवारी परत बसणार आहोत.