विकिरण, प्रकीर्णन की साधं विखुरणं?

सुलभा, अंबाजोगाई: पैठणला नाथसागराच्या काठावरून मावळतीचा फोटो काढलाय, आभाळ नुसतं केशरी. शाळेच्या भित्तिपत्रकात त्याखाली चार ओळी लिहायच्यात. पाठ्यपुस्तकात 'प्रकाशाचे विकिरण' आहे, दुसरीकडे 'प्रकीर्णन' वाचलं. कोणता शब्द घेऊ?

श्रीरंग, लातूर: विकिरण नको. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. मुलं घाबरतील.

देशपांडे सर, परभणी: हिंदीत, हो. मराठीत रेडिएशनला प्रारण म्हणतात. विकिरण आणि प्रकीर्णन दोन्हींत 'कॄ' धातू आहे, म्हणजे विखुरणं, उधळणं. 'किरण'ही त्यातलाच. म्हणून विकिरण चुकीचा नाही.

गोविंद, गंगाखेड: रंग तर धुळीनं येतो ना सर? आमच्याकडं मळणी चालू असली की दिस बुडताना लालबुंद दिसतो.

देशपांडे सर: धूळ निम्मीच गोष्ट. मळणीचा जाड फुफाटा सगळेच रंग सारखे विखुरतो, त्यानं आभाळ गढूळ होतं. अगदी बारीक कण मात्र लाली वाढवतात, तुम्ही पाहता ती बहुधा त्यांची. पण धूळ नसली तरी मावळत लालच. ते काम हवेच्या रेणूंचं. ते निळ्याला तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात. हे गणित रॅलेनं १८७१ मध्ये मांडलं. स्वच्छ हवेत सूर्य डोक्यावर असताना १०० भाग निळ्यातले सुमारे ८० थेट पोचतात, तांबड्यातले ९५. सूर्य क्षितिजापासून पाचेक अंश वर राहिला की हवेतली वाट दसपट लांबते. मग निळे १०-११ उरतात, तांबडे ६०. टेकला की वाट जवळपास ३८ पट, निळं संपतंच. ते निळं नाहीसं होत नाही, वाटेतल्या आभाळात उधळलं जातं.

श्रीरंग: म्हणजे रामन परिणामच की!

देशपांडे सर: नाही. रामन परिणामात विखुरताना प्रकाशाचा रंगच बदलतो, आणि तो फार क्षीण असतो. इथं रंग तेच राहतात, फक्त निळे वाटेत गळतात.

रेखा, बीड: माझ्या मोबाइलमध्ये तोच सूर्य फिका पिवळा येतो. कॅमेरा बिघडलाय का?

सुलभा: माझंही आधी तसंच झालं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की कॅमेरा तांबडेपणा 'दुरुस्त' करतो. तो 'सूर्यप्रकाश'वर ठेवा आणि एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर सूर्याची गोळी पांढरी पडते. सर, मी 'विखुरणं' लिहिते, कंसात विकिरण.

देशपांडे सर: चालेल. मला मात्र 'उधळणं' जास्त आवडतं.

गोविंद: उधळणं म्हणजे बैल उधळला! 'फाकणं' लिहा ताई. उजेड फाकतो असंच म्हणतो आम्ही.

सुलभा: पण फाकणं तर उगवतीला ना?