मॅपिंग क्वालिटीला ‘वाचनाची गुणवत्ता’ म्हणावं का?

डाळिंबपट्टा: सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूच्या सिक्वेन्सिंगवर मराठीत टिपण लिहितेय. अलाइनमेंट फाइलच्या पाचव्या रकान्यात मॅपिंग क्वालिटी असते. मी ‘वाचनाची गुणवत्ता’ लिहिलं, सहकाऱ्यांनी ते खोडलं. दोन ओळींचे पहिले नऊ रकाने देते:

```
r17  163   ctg3  45210  0   150M  =  45480  420
r58  1187  ctg1  80211  60  150M  =  80431  370
```

r17 ला शून्य आहे, म्हणजे ते रीड टाकाऊच ना? मग ‘गुणवत्ता’ने काय बिघडलं?

अक्कलकोट रोड: खोडलं ते योग्यच केलं. अक्षरं किती खात्रीने वाचली गेली ते अकराव्या रकान्यात असतं. पाचवा रकाना सांगतो की रीड बसवलेली जागा चुकीची असण्याची शक्यता किती. 20 म्हणजे शंभरात एक, 30 म्हणजे हजारात एक. r17 चं वाचन उत्तम असेलही, पण बहुधा जिनोममध्ये त्याला तितकीच चपखल दुसरी जागा आहे. जिवाणूत रायबोसोमल आरएनएच्या जनुकांच्या अशा एकाहून अधिक प्रती असतात. आपल्या चादरीच्या काठाचा तुकडा हातात आला तर कापड चांगलं आहे हे कळतं, पण नक्षी काठभर तीच असल्यामुळे तो कुठला ते सांगता येत नाही. तसंच हे. मी ‘जागेची खात्री’ म्हणेन.

पूर्व भाग: खात्री म्हटल्यावर मुलं 60 ला साठ टक्के समजतील की!

अक्कलकोट रोड: हो, ते टिपणात बजावून सांगायला हवं. शिवाय BWA-MEM मध्ये कमाल आकडा 60 असतो, Bowtie2 मध्ये 42. एका सॉफ्टवेअरचा 42 दुसऱ्याच्या 42 शी ताडून बघू नये.

शुद्धमराठी: आकडे राहू द्या, आधी डुप्लिकेटचं बोला. बाजारात डुप्लिकेट म्हणजे बनावट माल. इथे ‘नक्कल’ लिहा. अक्षरन् अक्षर सारखी असलेली रीड्स म्हणजे नकला, त्या पुसायच्या. विषय संपला.

अक्कलकोट रोड: विषय तिथेच सुरू होतो. अक्षरं जुळवून ठरवत नाहीत. जोडीतल्या दोन्ही रीड्सच्या सुरुवातीच्या जागा आणि दिशा सारख्या असतील तर त्या जोड्या पीसीआरमध्ये एकाच मूळ तुकड्यापासून झाल्या असं धरतात. एखादं अक्षर वेगळं असलं तरी चालतं. त्यातली सर्वांत चांगली जोडी ठेवून बाकीच्यांवर खूण करतात, पुसायची गरज नसते. r58 च्या दुसऱ्या रकान्यात 1187 आहे, म्हणजे 163 अधिक 1024. तो 1024 हीच खूण.

शुद्धमराठी: मग ‘दुबार’. मतदारयादीत दुबार नावं म्हणतोच आपण.

सातरस्ता: दुबार आवडलं. पण मुलांना एक सांगाच. आम्ही प्रायमर लावून एकच जनुक वाढवलं होतं. तिथे प्रत्येक रीड प्रायमरपाशीच सुरू होणार. मला शिकवणाऱ्यांनी सवयीने दुबार खुणा करायला लावल्या आणि हजारांतली डेप्थ एक-दोनवर आली. नमुना खराब म्हणून फेकणार होते.

डाळिंबपट्टा: हे घालतेच. आता डेप्थ. 10 लाख रीड्स, प्रत्येकी 150 अक्षरं, म्हणजे 15 कोटी. जिनोम अंदाजे 50 लाखांचा, म्हणून सरासरी 30. दुबार 20 टक्के निघाली, तर उरली 24. पण ctg3 वर 45 हजारांच्या आसपास शून्यच दिसतंय. जनुक गळालं का?

```
samtools depth -a -Q 20 telya.bam
```

अक्कलकोट रोड: `-Q 20` मुळे r17 सारखी रीड्स मोजलीच जात नाहीत. ते काढून पुन्हा चालवा. डेप्थ परत आली तर ती पुनरावृत्तीची जागा. तरीही शून्यच राहिलं तर जनुक खरंच नाही, किंवा तिथलं काही वाचलंच गेलं नाही. दुबार रीड्स ही आज्ञा आपणहून वगळते.

डाळिंबपट्टा: चालवलं. 25 आली! पण ctg7 वर एक पट्टा 49 चा आहे आणि तिथे खात्री 60.

अक्कलकोट रोड: संदर्भ जिनोम जोडताना दोन प्रतींची एकच झाली असेल. दुसरी जागाच उरली नाही, म्हणून खात्री पूर्ण आणि डेप्थ दुप्पट. पण तिथे प्लाझमिड असलं तरी असंच दिसेल. नुसत्या डेप्थवरून ठरवू नका.

पूर्व भाग: डेप्थला ‘खोली’ लिहिणार का? आमच्याकडे खोली म्हणजे राहायची.

शुद्धमराठी: विहिरीची खोली म्हणत नाही का कोणी? खोलीच लिहा.

सातरस्ता: मी ‘थर’ म्हणते. एका अक्षरावर किती रीड्सचे थर आहेत ते मुलांना स्क्रीनवर मोजता येतं.

शुद्धमराठी: सरासरी 24 थर? सरासरी 24.6 आली तर थर कसा मोजणार?

डाळिंबपट्टा: ctg7 वर प्लाझमिड आहे की नाही ते ओळखायचं कसं, तेही सांगा कुणीतरी.