‘त्यांचे जाळे’ म्हणजे कुणाचे?

फोंड्याहून: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी कोलव्याच्या किनाऱ्यावरचा एक फोटो घेतलाय. खाली इंग्रजी ओळ आहे, ‘फिशरमेन पुल इन देअर नेट अ‍ॅज टूरिस्ट्स लुक ऑन’. मी लिहिलं, ‘पर्यटक पाहत असताना मच्छिमार त्यांचे जाळे आत ओढतात.’ एकही शब्द सुटला नाही, तरी वाचताना अडखळायला होतं.

म्हापशाहून: ‘असताना’ने घोळ केलाय. फोटोखाली पूर्ण क्रियापद घालायचंच नसतं. ‘जाळे ओढताना मच्छिमार’, एवढं पुरे.

मडगावहून: ताई, मला ‘त्यांचे’ जास्त खटकलं. कर्त्याची स्वतःची वस्तू असली की आपण ‘आपले’ म्हणतो. तुमच्या वाक्यात पर्यटक आधी येऊन गेलेत, त्यामुळे जाळं त्यांचंच झालं. खरं तर ‘आपले’सुद्धा नको. मच्छिमार ओढतोय म्हणजे जाळं त्याचंच, हे मराठीत न सांगता कळतं.

‘आत’ही काढा. जाळं पाण्यातून बाहेर वाळूवर येतंय. इंग्रजीतला ‘इन’ म्हणजे ओढणाऱ्याच्या दिशेने.

आणि फोटो नीट बघा. दोन लांब दोर किनाऱ्यावर आलेत आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग लागलीय का? तसं असेल तर ती रापण. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात ती. मग ‘रापण ओढणे’ हेच आपलं क्रियापद. एकटा माणूस जाळं फेकत असेल, तर मात्र रापण म्हणू नका.

पेडण्याहून: माझीही अशीच अडचण आहे. हॉटेलच्या फळ्यावर ‘कॅच ऑफ द डे’ला कुणीतरी ‘दिवसाची पकड’ लिहून दिलंय.

मडगावहून: ‘आजची ताजी मासळी’ लिहा.

फोंड्याहून: दोन रांगा आहेत, दोरही दिसतात. मग ‘कोलवा : रापण ओढताना मच्छिमार आणि पर्यटक’?

मडगावहून: ‘ओढताना’ आता दोघांनाही लागू झालं, पर्यटकही ओढायला लागले. म्हापशाच्या सरांची ओळ एकट्या मच्छिमारांपुरती चालते, वर्तमानपत्रांतही तशीच छापतात. दोन मंडळी असली की प्रत्येकाला वेगळं विशेषण द्यावं, ‘कोलवा : रापण ओढणारे मच्छिमार आणि बघायला जमलेले पर्यटक’.

म्हापशाहून: हे पटलं. पण ‘रापणकार’ का नको? सासष्टीत तोच शब्द आहे.

मडगावहून: गोव्यातल्या वाचकासाठी बेलाशक घाला. भित्तिपत्रक नागपूरला जाणार असेल, तर मी ‘मच्छिमार’ ठेवीन. तिथे ‘रापण’ हा एक नवा शब्द पुरे.

पेडण्याहून: पण आमच्याकडे पर्यटकही हौसेने दोराला हात लावतात हो.

फोंड्याहून: आत्ता मोठा करून पाहिला. टोपीवाल्या एका पर्यटकाचा हात खरंच दोरावर आहे. बाकीचे नुसते उभे आहेत. आता ‘बघायला जमलेले’ कसं लिहू?