साडेसहावर अडकलेला बँड : तुमचं नेमकं कुठे अडलं होतं?

सुलभा_डिचोली
काल रात्री भाचीचा फोन आला. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागलाय. लिसनिंग 8, रीडिंग साडेसात, स्पीकिंग 7 आणि रायटिंग पुन्हा साडेसहा. युनिव्हर्सिटीने प्रत्येक विभागात 7 बँड मागितलेत. "मावशी, अजून किती निबंध लिहू गो?" असं रडवेल्या आवाजात विचारलं तिनं आणि मला माझे ते दिवस आठवले.

मी इंग्लंडला नर्स म्हणून आले तेव्हा रायटिंगमध्येही 7 लागायचे. 2018 च्या अखेरीस तिथल्या नर्सिंग कौन्सिलने रायटिंगपुरते साडेसहा चालतील असं केलं, पण माझं काम त्याआधीचं. ड्यूटीवरून आल्यावर रोज एक निबंध लिहायचे. वह्या भरत गेल्या, आकडा हलला नाही.

निकालाच्या कागदावर रायटिंगचा एकच आकडा येतो. तपासणारा मात्र चार गोष्टींना वेगवेगळे गुण देतो : विचारलेल्याला उत्तर दिलंय का, मांडणी, शब्द आणि व्याकरण. साडेसहा म्हणजे बहुतेक वेळा काहींत 7 आणि काहींत 6. ते 6 कशात हे कोणी सांगत नाही, आपणच शोधायचं.

मी नवे निबंध बंद केले. आठवडाभर जुना झालेला एक निबंध घेतला आणि ज्या वाक्यात एकही चूक नाही त्याखाली निळी रेघ मारली. 14 वाक्यांत 5 रेघा. उरलेल्या नवांपैकी बहुतेकांत चूक तीच, 'द' आणि 'अ'. आपल्या भाषेत हा प्रकारच नाही, त्यामुळे कानाला खटकत नाही. 7 साठी बिनचूक वाक्यं वरचेवर यावी लागतात, ती येतच नव्हती. मग काही आठवडे फक्त एकच काम केलं. जुन्या निबंधातल्या प्रत्येक नामाला गोल करायचा आणि विचारायचं : हे मोजता येतं का? वाचणाऱ्याला कुठलं ते आधीच कळलंय का? पुढच्या परीक्षेत 7 आले.

तुमचं कारण काय निघालं? भाचीलाही हा धागा दाखवणार आहे.

पेडणेकर_वहिनी
अगो बिचारी. तिला सांग, चवथीला घरी ये आणि आधी पोटभर पातोळ्या खा.

रोहन_म्हापसा
शब्द वाढवा, बाकी काही नाही. मी रोज दहा मोठे शब्द पाठ केले आणि निबंधात पेरले. साडेसहाचे 7 झाले. साधे शब्द वापरले की तपासणारा साधाच बँड देतो.

फोंड्याचा_मास्तर
रोहन, तुमचे शब्द खरोखर कमी पडत असतील तर उपाय बरोबर होता. पण सगळ्यांना तो लागू नाही. मोठा शब्द चुकीच्या शेजाऱ्याबरोबर बसवला तर शब्दांचे गुण खाली येतात. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचे शब्द आधीच 7 चे असतात, घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं आणि ते मात्र शब्दच पाठ करत बसतात.

सुलभाताई, भाचीचा एक परिच्छेद इथे टाकाल का? इंग्रजीचं मराठी करून टाकलं तरी चालेल. मला तिचं व्याकरण नको, विचार कसा चालतो ते बघायचंय.

दर्यावर्दी
माझं रीडिंग अडकलं होतं. जहाजावर नेट नसायचं, जुने छापील पेपर घेऊन जायचो. 40 पैकी 27 ते 29, कायम तेवढेच. साडेसहा. 7 ला साधारण 30 लागतात.

एका सेकंड ऑफिसरने सांगितलं, घड्याळ काढून ठेव. तोच दर्जा, नवा पेपर, वेळेचं बंधन नाही. 36 आले. म्हणजे इंग्रजी समजत होतं, वेळ पुरत नव्हता. मग किती वेळ कुठे जातो ते लिहून ठेवायला लागलो. पहिल्या उताऱ्याला 25 मिनिटं जात होती, कारण तो सोपा म्हणून मी प्रत्येक उत्तर दोनदा तपासायचो. तिसऱ्या अवघड उताऱ्याला जेमतेम 13 मिनिटं उरायची. पहिला 16 मिनिटांत सोडायची शिस्त लावली तेव्हा सुटलो.

केबिनमधल्या मित्राला मात्र घड्याळ न लावताही 29 च आले. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याची जवळजवळ सगळी चूक 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत. उताऱ्यात जे लिहिलेलंच नाही ते तो स्वतःच्या माहितीवरून ठरवायचा.

अनघा_पर्वरी
@दर्यावर्दी कुठल्या कंपनीत हो? माझा भाऊ डेक कॅडेटसाठी बघतोय.

दर्यावर्दी
@अनघा मेसेज करतो.

सुलभा_डिचोली
मास्तर, भाचीने पाठवलं. प्रश्न होता : शहरांत बसप्रवास सगळ्यांना मोफत करावा, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात? तिचा परिच्छेद मराठीत असा होतो :

"मोफत बसचे अनेक फायदे आहेत. पहिलं म्हणजे वाहतुकीची कोंडी कमी होईल. शिवाय प्रदूषणही घटेल. तसंच गरीब लोकांचे पैसे वाचतील. त्याचबरोबर अपघात कमी होतील. म्हणून सरकारने याचा विचार करावा."

फोंड्याचा_मास्तर
देव बरें करूं. आता एक करा. घरात कोणाला तरी हा परिच्छेद एकदा वाचून दाखवा, मग कागद झाका आणि विचारा, "हिनं काय सांगितलं?" ऐकणारा कोंडी, प्रदूषण, पैसे, अपघात अशी यादी म्हणेल. "कोंडी का कमी होईल?" असं विचारलंत तर गप्प होईल, कारण ते तिनं लिहिलेलंच नाही. चार मुद्दे आहेत आणि एकही पुढे नेलेला नाही. मुद्दे योग्य पण अपुरे फुलवलेले, हे 6 चं लक्षण आहे.

मांडणीचे गुणही इथेच जात असावेत. 'शिवाय', 'तसंच', 'त्याचबरोबर' हे जोडशब्द वाक्यांच्या तोंडाशी ठेवलेत, पण आतून वाक्यं एकमेकांना धरून नाहीत. यांची अदलाबदल केली तरी परिच्छेद तसाच राहतो, हीच त्याची खूण.

आता एकच मुद्दा घेऊन बघा. "कामावर जाणारा माणूस स्कूटर काढतो तो तिकिटाच्या पैशांसाठी नाही, तर बस वेळेवर येत नाही म्हणून. त्यामुळे नुसतं तिकीट माफ केलं तर जे आधीच बसने जातात त्यांचे पैसे वाचतील, रस्त्यावरच्या स्कूटर मात्र तेवढ्याच राहतील. तोच पैसा जास्त फेऱ्यांवर घातला तर कोंडी खरोखर घटेल." एकही अवघड शब्द नाही. यात दुसरं वाक्य पहिल्यातून निघतं, तिसरं दुसऱ्यातून. आणि लिहिणारी कितपत सहमत आहे हेही कळतं. तिच्या परिच्छेदात ते कळत नव्हतं. प्रश्न तिचं मत विचारत होता, तिनं फायदे सांगितले.

चिकू_वाळपई
वाळपईहून पणजीला यायला संध्याकाळी बसमध्ये उभं राहायला जागा नसते, मास्तर. फेऱ्यांचं अगदी खरं बोललात.

पेडणेकर_वहिनी
आमच्याकडे तर आठनंतर बसच नाही. मुलीला आणायला ह्यांना रोज जावं लागतं.

सुलभा_डिचोली
मास्तर, हे वाचून ती गप्पच झाली. मग म्हणाली, पण मावशी, वेळ नसतो म्हणून मी असं लिहिते. 40 मिनिटांत 250 शब्द, विचार करायला सवडच नाही.

फोंड्याचा_मास्तर
असेलही. दर्यावर्दींनी केलं तेच करून बघायचं. नवा प्रश्न, वेळ अमर्याद, शब्दकोश मात्र नको. तेव्हा एकच मुद्दा नीट फुलला तर कारण वेळ. मग लिहायच्या आधीची पाच मिनिटं राखून ठेवायची सवय लावायची. दोन तास देऊनही चार मुद्द्यांची यादीच आली तर वेळेचा दोष नाही, विचार पुढे नेण्याची सवयच नाही. तसं असेल तर काही दिवस इंग्रजीत लिहूच नये. मराठीत एक वाक्य लिहायचं, त्याला "का?" विचारायचं, त्या उत्तराला "मग काय होईल?" विचारायचं. तीन वाक्यं झाली की थांबायचं.

नेहा_साखळी
माझा ओव्हरऑल साडेसहा होता, 7 हवा होता. लिसनिंग साडेसात, रीडिंग 7, रायटिंग 6, स्पीकिंग 6. बेरीज साडेसव्वीस, सरासरी 6.625, म्हणून साडेसहा. अर्धा बँड कुठेही वाढला की 6.75 होते आणि तिचे 7 धरतात. मी रायटिंगला हातच लावला नाही, लिसनिंग 8 केलं आणि काम झालं. मग भाचीनंही लिसनिंग वाढवावं ना?

सुलभा_डिचोली
नेहा, तिचा ओव्हरऑल साडेसात आहे गो. प्रत्येकात 7 मागितलेत, म्हणून रायटिंगच वाढवावं लागणार. तुझी युक्ती फक्त ओव्हरऑल बघणाऱ्यांसाठी.

नेहा_साखळी
ओह, ते वाचलंच नाही. सॉरी ताई.

रोहन_म्हापसा
पेपर पुन्हा तपासायला का देत नाही? माझ्या मैत्रिणीचा साडेसहाचा 7 झाला, फीसुद्धा परत मिळाली.

अनघा_पर्वरी
माझ्या वहिनीने दिला होता. काहीही बदललं नाही, पैसे गेले. सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

फोंड्याचा_मास्तर
एकदाच साडेसहा आला असेल आणि आधी 7 मिळालेले असतील तर मी द्या म्हणेन. पुन्हा पुन्हा तोच आकडा येत असेल तर तपासणाऱ्याची चूक असण्याचा संभव कमी वाटतो. पण खात्रीने नाही सांगता येत. आणखी एक वाट आहे. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर 60 दिवसांच्या आत एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते. युनिव्हर्सिटी तो निकाल धरते का हे मात्र आधी त्यांनाच विचारा, सगळे धरत नाहीत.

दर्यावर्दी
60 दिवस आहेत म्हणून लगेच तारीख घेऊ नका. कारण सापडायच्या आधी बसली तर पुन्हा साडेसहाच येईल.

सुलभा_डिचोली
तिनं कॉम्प्युटरवरच दिली होती. आत्ता घड्याळ न लावता एक निबंध लिहून पाठवलाय. पहिल्या परिच्छेदात एकच मुद्दा आहे आणि तो छान पुढे नेलाय. दुसऱ्यात परत तीन मुद्दे, 'शिवाय', 'तसंच'. मास्तर, आता याला वेळ म्हणायचं की सवय?

फोंड्याचा_मास्तर
दुसरा परिच्छेद लिहिताना ती दमली होती, की त्या बाजूला तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, हे तिलाच विचारा. मत एकाच बाजूचं असेल तर दुसऱ्या बाजूला अख्खा परिच्छेद द्यायची सक्ती नसते. कदाचित क्लासमध्ये शिकवलेला साचा तिला तिथे ओढत असेल.

सुलभा_डिचोली
विचारते. ती आत्ता पणजीच्या बसमध्ये आहे, रेंज नाही.