फनेल चार्टला नरसाळं म्हणायचं की गाळणी?

बालवाडीताई
कोथरूडला आमची लहानशी बालवाडी आहे. पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक, आणि त्यांना यंदाच्या प्रवेशांचं चित्र एका पानावर हवंय. पुतण्या म्हणाला, "फनेल चार्ट कर काकू. वर विचारायला फोन केलेले, मध्ये शाळा बघायला आलेले, खाली प्रवेश घेतलेले." चार्ट झाला, अडलंय नावापाशी. विश्वस्तांपैकी दोघं ऐंशीच्या घरातले आहेत आणि इंग्रजी शब्द दिसला की त्याच्याभोवती लाल गोल काढतात. म्हणून मी वर 'नरसाळे आलेख' लिहिलं आणि टप्प्यांना 'चौकशी २४०, भेट ११८, प्रवेश ५६' अशी नावं दिली. चालेल का?

पेठकर
न चालायला काय झालं! वर रुंद, खाली निमुळतं, म्हणजे नरसाळंच. प्रमाण लेखनात 'नरसाळे', बोलताना 'नरसाळं'. प्रश्न संपला.

तांबट_आळी
पेठकर, आकार जुळला म्हणून वस्तू जुळत नाही. आमच्या घरी तीन पिढ्या तांब्यापितळेची भांडी घडवली, त्यात नरसाळीही होती. नरसाळ्यात लिटरभर रॉकेल ओतलं तर खाली बाटलीत लिटरभरच उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर ते नरसाळं गळकं, ते डाग द्यायला परत आमच्याकडे यायचं. ताईंच्या चित्रात वर २४० ओतले आणि खाली ५६ उतरले. हे नरसाळं नव्हे, गाळणी.

पेठकर
मग गाळणीवर राहतो तो चोथा. जे पालक आले नाहीत त्यांना चोथा म्हणणार? बैठकीतच कुणीतरी विचारेल.

कुंभारवेस
'उतरंड' घ्या की. मोठा डेरा, त्यावर मडकं, त्यावर लहान गाडगं. टप्पे आहेत, आकार कमी होत जातो आणि शब्द अस्सल घरचा आहे.

तांबट_आळी
उतरंडीत मोठं भांडं तळाशी असतं, इथे ते डोक्यावर आहे. ती उतरंड कधीच कोसळली असती.

कुंभारवेस
बरं, उलटी उतरंड!

आकडेमोड
चित्राचं नाव काहीही ठेवा, त्याने आकडा बदलत नाही. टप्प्यांच्या नावांनी मात्र बदलतो. ताई, 'भेट ११८' म्हणजे ११८ मुलं, की ११८ वेळा कुणीतरी येऊन गेलं? आणि ती ११८ त्या २४० पैकीच आहेत का? या आकृतीची अट एकच आहे. खालच्या पट्टीतला प्रत्येक जण वरच्या पट्टीत आधी मोजलेला असला पाहिजे. नाहीतर ते तीन सुटे आकडे एकाखाली एक ठेवल्यासारखं होतं.

हिंजवडी_साइट
हे अगदी खरं. मी फ्लॅटविक्रीत आहे. आमच्याकडे 'साइट व्हिजिट' मोजतात. एक कुटुंब आधी दोघं येतात, मग आईवडिलांना घेऊन, मग वास्तूवाल्या काकांना घेऊन. झाल्या तीन व्हिजिट. एका महिन्यात आमच्या चार्टमध्ये मधली पट्टी वरच्यापेक्षा रुंद झाली आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

संशोधक_वहिनी
मी जरा वेगळं विचारते. आमच्या विषयात फनेलमध्ये ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक अभ्यास, मोठे अभ्यास वर टोकाशी, छोटे खाली पसरलेले, आणि एक बाजू रिकामी दिसली तर काही निष्कर्ष छापलेच गेले नाहीत अशी शंका घेतात. मग ताईंच्या चित्रात रुंद बाजू वर कशी?

आकडेमोड
वहिनी, तो फनेल प्लॉट, ती संपूर्ण वेगळी आकृती. ताईंचा फनेल चार्ट म्हणजे मधोमध बसवलेल्या आडव्या पट्ट्या. पण तुमच्यामुळे नरसाळ्याची अडचण वाढली, कारण मराठीत दोन्ही 'नरसाळे आलेख' झाले तर फरक कसा करायचा?

बालवाडीताई
आकडेमोड, तुमचा प्रश्न वाचून रात्री वह्या काढल्या. फोनच्या वहीत २४० ओळी आहेत, पण आई एकदा आणि बाबा एकदा असे दोघांचेही फोन आहेत. मुलाचं नाव आणि जन्मतारीख जुळवून पाहिली तर मुलं २०० भरली. येऊन गेलेल्यांच्या वहीत ११८ मुलं आहेत, तिथे पुनरावृत्ती नाही. पण त्यातली २६ फोन न करताच आली, येता-जाता पाटी बघून. प्रवेश ५६, त्यात आठ जण आधीच्या मुलांची धाकटी भावंडं. त्यांनी ना फोन केला ना शाळा बघितली, थेट फी भरली. थेट आलेल्या २६ मधून १२ प्रवेश झाले. आता मी काय लिहू?

आकडेमोड
तुम्ही अर्धं काम केलंच आहे. वजाबाकी करा. आलेली ११८, त्यातून थेट आलेली २६ काढा, उरली ९२. प्रवेश ५६, त्यातून आठ भावंडं आणि थेट आलेल्यांचे १२ काढा, उरले ३६. म्हणजे खरी साखळी २००, ९२, ३६. पहिल्या चित्रात शाळा बघितलेल्यांपैकी ४७ टक्के प्रवेश घेतात असं दिसत होतं. प्रत्यक्षात फोन करून आलेल्यांपैकी ३९ टक्केच घेतात. थेट आलेल्या २६ पैकी १२ म्हणजे ४६ टक्के, पण त्यांचा आकडा लहान आहे, त्यावरून फार बोलू नये. त्यांची आणि भावंडांची गोष्ट चित्राखाली एका ओळीत लिहा, पट्टीत मिसळू नका.

आणि आता शब्द. 'चौकशी, भेट, प्रवेश' ही तिन्ही क्रियेची नावं आहेत. क्रियेचं नाव लिहिलं की माणूस क्रिया मोजतो, म्हणून दोन फोन दोन झाले. पट्टीला मुलांचं नाव द्या: 'विचारणा झालेली मुलं', 'येऊन गेलेली मुलं', 'प्रवेश घेतलेली मुलं'. शब्द लांबतात, पण तिन्ही ओळींत 'मुलं' आलं की मोजताना हात चुकत नाही.

पेठकर
हे पटलं. शिवाय 'चौकशी'चा दुसरा अर्थही आहेच. विश्वस्तांच्या कागदावर 'चौकशी २४०' वाचून कुणाच्या तरी छातीत धस्स होईल. आणि 'भेट ११८' वाचून काही जण विचारतील, भेटी कुणी दिल्या, पावत्या आहेत का!

बालवाडीताई
पेठकर काका, हसले. पण खरंच, आमच्या खजिनदारांनी तसं विचारलं असतं. आता एक सांगा, माझा संगणक जुना आहे. त्यातल्या एक्सेलमध्ये पुतण्याला दिसतो तो फनेल दिसतच नाही. पहिला चार्ट त्याच्या लॅपटॉपवर केला होता.

आकडेमोड
एक्सेल २०१९ पासून तो Insert मध्ये Charts च्या गटात तयार मिळतो. त्याआधीच्यात साध्या रचलेल्या आडव्या पट्ट्यांनी करावा लागतो, आणि गूगल शीट्समध्येही याच रीतीने. युक्ती एवढीच की प्रत्येक पट्टीच्या डावीकडे एक न दिसणारी पट्टी ठेवायची, म्हणजे दिसणारी मधोमध येते. मुलांचे आकडे B2 ते B4 मध्ये असतील तर C2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=(MAX($B$2:$B$4)-B2)/2
```

तुमच्या आकड्यांना ०, ५४ आणि ८२ येईल. ९२ च्या दोन्ही बाजूंना ५४ सोडले की २०० पूर्ण होतात, यावरून ताळा करून घ्या. Stacked Bar काढताना हे मोकळ्या जागेचे आकडे पहिली मालिका म्हणून द्या आणि तिला No Fill करा. मुलांचे आकडे दुसरी मालिका. एक्सेल पहिली ओळ तळाशी काढतो, म्हणून उभ्या अक्षाच्या सेटिंगमध्ये Categories in reverse order वर खूण करा. नाहीतर कुंभारवेसांची उतरंड सरळ उभी राहील.

कुंभारवेस
बघा, शब्द उपयोगी पडलाच.

बालवाडीताई
झालं! मधोमध आलं. पण टक्के कुठे दिसत नाहीत.

आकडेमोड
ते आपोआप येत नाहीत, तयार फनेलमध्येही नुसता आकडाच येतो. नावालाच जोडा. नावं A स्तंभात असतील तर D2 मध्ये हे लिहून खाली ओढा आणि पट्ट्यांची नावं D मधून घ्या:

```
=A2&" – "&TEXT(B2/$B$2,"0%")
```

१००, ४६ आणि १८ टक्के येतील. हे सगळे पहिल्या पट्टीचे टक्के आहेत. मघाचे ३९ टक्के हे वरच्या पट्टीचे, म्हणजे ९२ पैकी ३६. एका चित्रात दोन्ही मिसळू नका, आणि कशाचे टक्के ते चित्रावर लिहा.

हिंजवडी_साइट
मी असतो तर ३९ दाखवले असते. १८ ऐकून माणूस खचतो.

आकडेमोड
खचो. पण तुमचंही चूक नाही. शाळा बघून झाल्यावर काय बिनसतं हे शोधायचं असेल तर ३९ च उपयोगी. ताईंना बैठकीत त्यावर बोलायचं असेल तर तोच घ्यावा.

संशोधक_वहिनी
अजून एक शंका. पन्नासएक मुलांनी गेल्या आठवड्यातच फोन केला असेल तर? त्यांना यायला वेळच मिळालेला नाही. तेही 'न आलेले' म्हणून मोजायचे?

आकडेमोड
नेमका प्रश्न. मोजू नयेत. विचारणेच्या तारखेची एक हद्द ठरवायची, त्या आधी फोन केलेल्या मुलांचंच पुढे काय झालं ते बघायचं. ताई, तुमचे प्रवेश बंद झालेत ना?

बालवाडीताई
हो, बंद झाले. सगळ्यांचा निकाल लागलाय. आता शेवटचं. २०० मधली १०८ आलीच नाहीत. त्या फरकाला पुतण्या 'ड्रॉप' म्हणतो. मी 'गळती' लिहू?

तांबट_आळी
नको. 'गळती' म्हटलं की भांड्याचा दोष. शाळेच्या बाबतीत तर गळती म्हणजे मधूनच शाळा सोडलेली मुलं, वर्तमानपत्रात रोज छापून येतं. विश्वस्त दचकतील.

पेठकर
पण दोष नाही असं तरी कशावरून?

बालवाडीताई
वही पाहून सांगते. १०८ पैकी ३१ मुलं वयातच बसत नव्हती, फोनवरच सांगितलं. उरलेली ७७ का आली नाहीत ते आम्ही कुणालाच विचारलं नाही.

पेठकर
मग ती ३१ वरच्या पट्टीत तरी का धरायची? ती कधी येणारच नव्हती.

आकडेमोड
ती वगळली तर वरची पट्टी १६९ होते आणि येऊन गेलेली ५४ टक्के. शाळेकडे किती जण वळले हे दाखवायचं तर २०० बरोबर, बोलावलेल्यांपैकी किती आले हे दाखवायचं तर १६९. मी १६९ घेतले असते. माझ्या ऑफिसातले दोघं हे मान्य करणार नाहीत.

बालवाडीताई
मी २०० ठेवते आणि ३१ खाली लिहिते. वर शीर्षक फक्त 'विचारणेपासून प्रवेशापर्यंत' देते, नरसाळंही नको आणि गाळणीही नको. १०८ समोर 'न आलेली' लिहिलंय. ७७ जणांचे नंबर वेगळ्या पानावर काढलेत, सोमवारपासून फोन लावते.

कुंभारवेस
सरसकट 'न आलेली' नका लिहू ताई, ३१ जणांना तुम्हीच नाही म्हणालात.