तूट कोणत्या पैशाने भरली, ते बघा

> आयात निर्यातीपेक्षा जास्त, म्हणजे तेवढा पैसा देशाने गमावलाच ना?

नाही. समजा, एका परदेशी कंपनीने एखाद्या देशात कारखाना काढला आणि १०० कोटी डॉलरची यंत्रं बाहेरून आणली. व्यापार तूट १०० कोटींनी वाढली, पण देशातून एक डॉलरही गेला नाही. किंमत कंपनीनेच मोजली. भांडवली खात्यात, म्हणजे देशात येणाऱ्या-जाणाऱ्या गुंतवणुकीच्या आणि कर्जाच्या हिशेबात, तेवढीच गुंतवणूक जमा दिसते. पुढे नफा बाहेर जाईल हे खरं, पण तो कारखाना चालला तरच.

म्हणून तूट केवढी यापेक्षा ती कशाने भरली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थायलंडचंच बघा. १९९६ मध्ये चालू खात्याची तूट, म्हणजे व्यापाराबरोबर व्याज-नफ्याची देवघेवही धरून येणारी तूट, जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती मोठ्या प्रमाणात अल्पमुदतीच्या परकीय कर्जावर भागत होती. त्यातला बराच पैसा जमीन-इमारतींत अडकला. अशी कर्जं वर्षाच्या आत फेडायची किंवा पुन्हा मिळवायची असतात. परदेशी बँकांनी हात आखडता घेतला, परकीय चलनाचा साठा आटला आणि २ जुलै १९९७ ला बाथ या थाई चलनाची डॉलरशी बांधलेली किंमत सोडून द्यावी लागली.

तुटीच्या आकड्याशेजारी अल्पमुदतीचं परकीय कर्ज आणि परकीय चलनसाठा ठेवून बघा. कर्ज साठ्याच्या वर गेलं असेल, तर काळजी रास्त आहे.