सोडलेलं रसायन जातं कुठे?

"चेतापेशी पुढच्या पेशीला सिग्नल द्यायला दोघींमधल्या फटीत रसायन सोडते. सिग्नल पोचल्यावर ते रसायन फटीतच पडून राहतं का?"

नाही, राहिलं तर पंचाईतच. सेरोटोनिन नावाचं असं एक रसायन पेशी परत ओढून घेते, पण स्नायूपाशी वेगळा प्रकार असतो. चेतापेशीच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. ते उणे ५५ च्या आसपास आले की सोडियम आत घुसतं, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं आणि ही सिग्नलची लाट चेतापेशीच्या टोकापर्यंत धावते. तिथे कॅल्शियम आत शिरतं, ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या पिशव्या फटीत रिकाम्या होतात आणि स्नायू आकसतो. लगेच एक एन्झाइम ते ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं. पेशी परत घेते ते फक्त त्यातलं कोलीन, नवा माल बनवायला.

मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम जखडतात. मग ॲसिटिलकोलीन फटीत साचत राहतं आणि फवारणी करणाऱ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम थांबत नाही, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर लुळे पडतात, अगदी श्वासाचेसुद्धा. ॲट्रोपिन या औषधाने लाळ आणि छातीतला स्राव आवरतो, लुळेपणा मात्र जात नाही, कारण स्नायूंवरचे रिसेप्टर, म्हणजे रसायन पकडणारे भाग, वेगळ्या जातीचे आणि ॲट्रोपिन त्यांना अडवत नाही. म्हणून असा रुग्ण कधी कधी व्हेंटिलेटरवर ठेवावा लागतो.